स्लाइड बंद, आता सांगा



फिशपाँड वाचून झाले आहेत, बक्षिसं अजून टेबलावरच आहेत आणि मध्ये माझं भाषण आहे. मागच्या रांगेतून आत्ता जी शिट्टी आली ती मी स्वागताची धरतो. प्राचार्यांनी मला विषयाचं बंधन घातलं नव्हतं. पण येताना गाडीत संशोधन केंद्राचे समन्वयक म्हणाले, की इथल्या काही जणांचे प्रबंध परीक्षकांकडे गेलेत, अहवाल यायला लागलेत आणि मौखिक परीक्षा आता तोंडावर आहे. मी भूजलाचा माणूस. बाह्य परीक्षक म्हणून मौखिक परीक्षेच्या टेबलाच्या पलीकडे बरीच वर्षं बसलोय. तेव्हा तुमच्या सादरीकरणाच्या स्लाइडमधून तोंडी सांगायचा सारांश कसा काढायचा, एवढ्याच एका गोष्टीवर मी बोलणार आहे. पदवीच्या मुलांनाही प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला हे लागतंच, त्यामुळे शिट्टीवाल्यांनीही ऐकायला हरकत नाही.

आपल्याकडे घडतं ते असं. प्रबंध सादर करण्यापूर्वी संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण द्यावं लागतं. त्या खोलीत विभागातले शिक्षक असतात, इतर संशोधक विद्यार्थी असतात, आणि तुम्ही खरोखर काम केलंय का, हे त्यांना बघायचं असतं. म्हणून त्या स्लाइड कामाच्या क्रमाने लावलेल्या असतात. आधी प्रस्तावना, मग पूर्वीचं संशोधन, अभ्यासक्षेत्र, पद्धत, तक्त्यांमागून तक्ते आणि शेवटी निष्कर्ष. त्या प्रसंगाला हा क्रम बरोबरच आहे. काही महिन्यांनी मौखिक परीक्षा लागते, तेव्हा तीच फाईल उघडली जाते, तारीख बदलली जाते आणि बाई किंवा बुवा पुन्हा तेच बोलायला उभे राहतात. समोर बसलेल्या परीक्षकाने मात्र आता तुमचा प्रबंध वाचलेला असतो, त्यावर अहवालही लिहिलेला असतो. तालुक्याचा नकाशा आणि पर्जन्यमानाचा तक्ता त्याला पुन्हा बघायचा नसतो. तो म्हणतो, 'स्लाइड राहू द्या. तुम्हाला काय सापडलं ते थोडक्यात सांगा.' आणि तिथे चांगली चांगली मुलं अडखळतात. काम त्यांना येतं, पण ते सांगायचा क्रम त्यांनी स्लाइडवर सोपवलेला असतो. ब्रिटनमध्ये तर मौखिक परीक्षा बहुधा बंद खोलीत, दोन परीक्षकांसमोर होते आणि पडदा नसतोच. तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल, तर पहिला प्रश्न हाच असणार असं धरून चाला.

आता एक उदाहरण घेऊ. ते मी रचलंय, त्यातले आकडे समजण्यापुरते आहेत, पण अशा तऱ्हेचे प्रबंध आपल्या विद्यापीठांत खरोखर होतात. दख्खनच्या बेसाल्टवरचा एक तालुका. विषय, तिथल्या उथळ विहिरींतलं नायट्रेट. विद्यार्थिनीने ६० विहिरी घेतल्या, ३० गावठाणातल्या आणि ३० शिवारातल्या. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरमध्ये एकदा पाणी तपासलं. सादरीकरणात ३४ स्लाइड आहेत.

पहिली गोष्ट तिने ही करावी, की त्या ३४ स्लाइड कागदावर छापून घ्याव्यात, एका पानावर तीन, शेजारी लिहायला जागा ठेवून. पडद्यावर हे काम होत नाही. पडद्यावरची स्लाइड इतकी ओळखीची झालेली असते, की ती बघितली तरी आपल्याला ती समजली असं वाटून जातं. छापणं शक्य नसेल तर पॉवरपॉइंटमध्ये View मध्ये जाऊन Outline View उघडा. डावीकडच्या रकान्यात आकृत्या जातात, फक्त शब्द उरतात आणि आपल्या स्लाइडवर किती कमी विधानं आहेत ते लख्ख दिसतं. मथळे सगळे नुसती नावं असतात. 'परिणाम आणि चर्चा', 'पायपर आकृती', 'हंगामी बदल'. हंगामी बदल झाला हे कळलं. कोणता, कुठे, कोणत्या दिशेने, ते त्या मथळ्यात नाही. ते बोलणाऱ्याच्या डोक्यात असतं, आणि परीक्षेच्या दिवशी डोकं नेमकं दगा देतं.

म्हणून प्रत्येक स्लाइडशेजारी पेनने एक पूर्ण वाक्य लिहायचं. त्याला कर्ता हवा, क्रियापद हवं आणि ते खोटं ठरू शकेल असं हवं. 'पायपर आकृती'च्या शेजारी 'पाण्याचे प्रकार दाखवले आहेत' असं लिहिलंत तर ते वाक्य नव्हे, तो मथळाच लांबवलेला आहे. 'शिवारातलं पाणी कॅल्शियम-बायकार्बोनेट प्रकारचं आहे, गावठाणातलं क्लोराइडकडे झुकलंय,' हे वाक्य झालं. ज्या स्लाइडला असं वाक्य सुचतच नाही तिच्यावर काट मारायची. आपल्या उदाहरणात शीर्षक, अनुक्रम, संदर्भ, आभार हे तर जातातच. जलनिस्सारणाचा नकाशा जातो, पर्जन्यमान जातं, पूर्वीच्या संशोधनाच्या पाच स्लाइडमधून मिळून एक वाक्य उरतं. त्या पाच स्लाइडवर विद्यार्थी फार जीव लावतात आणि तिथेच माझं नेहमी त्यांच्याशी भांडण होतं. कोणी कोणत्या साली काय केलं ही यादी सारांशात नको. 'नायट्रेट जास्त आहे हे आधीच माहीत होतं, आणि त्याचा दोष शेतातल्या युरियाला दिला जात होता,' एवढंच हवं, कारण तुमचा प्रश्न या वाक्यातूनच निघतो.

पद्धतीच्या स्लाइडचं काय करायचं, हा खरा अवघड भाग आहे. नमुना थंड ठेवला, ४८ तासांच्या आत तपासला, अतिनील वर्णपटमापकावर २२० नॅनोमीटरला मोजला आणि सेंद्रिय पदार्थांमुळे येणारी चूक २७५ नॅनोमीटरच्या मोजणीवरून वजा केली, हे सगळं प्रबंधात आहे आणि असायलाच हवं. तोंडी सारांशात यातलं काहीच नको. फक्त ज्या गोष्टीवर तुमचा निष्कर्ष उभा आहे ती सांगायची. इथे निष्कर्ष गावठाण आणि शिवार यांच्या तुलनेवर उभा आहे, तेव्हा विहिरी कशा निवडल्या आणि दोन्हीकडे सारख्याच खोलीच्या घेतल्या का, हे सांगितलंच पाहिजे. आयनांचा समतोल पाच टक्क्यांच्या आत जुळला, हे खिशात ठेवा. विचारलं तर एका वाक्यात द्या. न विचारता दिलं, तर परीक्षकाला वाटतं की तुम्हाला मोजणीविषयीच शंका आहे.

आता आकडे. या उदाहरणात एक गंमत आहे, आणि ती कागदावर कधीच लक्षात येत नाही. नोव्हेंबरमध्ये ६० पैकी २७ विहिरी मर्यादेबाहेर गेल्या, म्हणजे ४५ टक्के. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम. स्लाइडवर हे दोन पंचेचाळीस वेगवेगळ्या रांगांत सुखाने नांदतात. तोंडाने म्हणून बघा, 'पंचेचाळीस टक्के नमुने पंचेचाळीसच्या वर आहेत.' ऐकणाऱ्याला वाटतं तुम्ही अडखळून तोच आकडा दोनदा म्हणालात. म्हणून कानासाठी आकडा नव्याने मांडावा लागतो. मर्यादा एकदाच सांगा आणि टक्केवारी सोडून द्या. 'गावठाणातल्या ३० पैकी १९ विहिरी मर्यादेबाहेर, शिवारातल्या ३० पैकी ८.' दोन्हीकडे छेद एकच, त्यामुळे ऐकणाऱ्याला मनात गणित करावं लागत नाही, आणि प्रबंधाचा सगळा युक्तिवाद या एका वाक्यात ऐकू येतो. टक्केवारीने तोच झाकला होता.

याच आकड्यात आणखी एक खोच आहे. ४५ ही मर्यादा नायट्रेट म्हणून मोजलेल्या प्रमाणाची आहे. अमेरिकेतले निबंध पुष्कळदा तेच प्रमाण नायट्रेटमधल्या नायट्रोजनच्या वजनात देतात, आणि तिथे मर्यादा १० येते. पाणी तेच, आकडा साडेचार पट लहान. स्लाइडवर एककाच्या शेजारी बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. बोलताना नेमकं ते बारीक अक्षर गळून पडतं. म्हणून 'नायट्रेट म्हणून मोजलेलं' हे शब्द पहिल्या आकड्याला चिकटवून टाका, पुढे पुन्हा म्हणायची गरज नाही. पाच मिनिटांत आकड्यांच्या तीनच जागा ठेवाव्यात. चौथा आकडा आला की ऐकणारा पहिला विसरतो.

आता त्या काट न मारलेल्या वाक्यांचा क्रम. ती एकाखाली एक लिहून काढा आणि दोन वाक्यांच्या मध्ये कोणता शब्द येतो ते बघा. 'त्यानंतर', 'तसेच', 'पुढे' हेच शब्द येत असतील, तर तुम्ही अजून स्लाइडच चाळताय. 'पण', 'म्हणून', 'तरीही', 'कारण' यायला लागले, की समजा सारांश तयार होतोय. आपल्या उदाहरणात 'हंगामी बदल' ही स्लाइड चोविसावी होती, दहा परिणामांच्या गर्दीत. पण वाक्य लिहिल्यावर कळलं, की निष्कर्षाचा कणा तीच आहे. शिवारातलं नायट्रेट मे महिन्यात कमी असतं आणि पाऊस पडून गेल्यावर वाढतं, कारण झिरपणारं पाणी जमिनीतलं खत खाली नेतं. गावठाणातलं मात्र दोन्ही वेळा जवळपास सारखंच. पावसाची वाट न बघता वर्षभर झिरपणारं काहीतरी तिथे आहे. म्हणजे शोषखड्डे, उघडी गटारं, गोठे. ही चोविसावी स्लाइड तोंडी सारांशात पाचव्या-सहाव्या वाक्याला आली पाहिजे.

आलेखांचं मात्र निराळं दुखणं आहे. विद्यार्थी बोलायला लागला की दर दोन वाक्यांनी 'इथे', 'या बाजूला', 'हे जे निळे ठिपके आहेत' असं येतं आणि हात आपोआप पडद्याकडे जातो. एकदा फोनवर स्वतःचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐका आणि हे 'इथे-तिथे' मोजा. प्रत्येक 'इथे' म्हणजे एक न सांगितलेली गोष्ट. या प्रबंधात असा एक आलेख आहे. आडव्या अक्षावर क्लोराइड, उभ्या अक्षावर नायट्रेट आणि क्लोराइड यांचं गुणोत्तर. खताचं नायट्रेट असेल तर क्लोराइड कमी आणि गुणोत्तर जास्त असतं, सांडपाण्याचं असेल तर उलट. पडद्यावर ठिपक्यांचे दोन पुंजके लगेच दिसतात. तोंडाने सांगताना अक्षांपासून सुरुवात केलीत तर परीक्षक मनात कागद-पेन्सिल घेऊन बसतो. तिथे आधी अर्थ सांगायचा, मग खूण. 'सांडपाणी नायट्रेटबरोबर भरपूर क्लोराइडही आणतं. गावठाणातल्या विहिरींत तसंच दिसतं, शिवारातल्या बहुतेक विहिरींत नाही.' आलेख संपला. ज्याला अक्ष हवेत तो विचारेल.

आणि इथेच तो विचारेलही. चांगला परीक्षक म्हणेल, 'अहो, पण शेतकरी म्युरिएट ऑफ पोटॅशही टाकतात. ते पोटॅशियम क्लोराइडच आहे. मग क्लोराइड म्हणजे सांडपाणी कशावरून?' हा प्रश्न अडवू नका, तो यावा अशीच वाक्यरचना करा. सारांशातलं प्रत्येक विधान एक प्रश्न ओढून आणतं, आणि कोणतं विधान कोणता प्रश्न आणेल हे तुम्हाला आधी ठरवता येतं. उत्तर असं, की नुसत्या क्लोराइडवर मी निष्कर्ष काढलेला नाही. गावठाणातल्या विहिरींलगत पिकाची जमीन नाही आणि तिथलं नायट्रेट हंगामाने हलत नाही. तीन पुरावे एका दिशेने जातात. त्या प्रत्येक पुराव्याशेजारी प्रबंधाचा पान क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवा. परीक्षेत पान उघडून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याशी परीक्षक वेगळ्या आवाजात बोलतो, हे मी पलीकडून सांगतोय.

शिवारातल्या त्या ८ विहिरींचं काय? समजा त्यातल्या ५ विहिरींजवळ गोठा निघाला. बऱ्याच जणांना वाटतं, हा अपवाद लपवावा. उलट तो सारांशात एका वाक्याने सांगावा, कारण परीक्षकाने तक्ता वाचलेला आहे आणि त्याच्या मनात तो प्रश्न आधीच बसलाय. मर्यादांचंही तसंच. सादरीकरणात 'मर्यादा आणि पुढील संशोधन' ही स्लाइड शेवटून दुसरी असते आणि ती कोणीच वाचत नाही. तोंडी सारांशात मर्यादा निष्कर्षाला लागून आली पाहिजे, त्याच दमात. तीन मिनिटांत प्रबंध सांगायच्या स्पर्धा हल्ली होतात, २००८ साली क्वीन्सलँड विद्यापीठाने त्या सुरू केल्या. त्यांचा सराव चांगलाच, पण त्या सर्वसामान्य श्रोत्यांसाठी असतात. तिथे मर्यादा सांगायला कोणी थांबत नाही. परीक्षकाला मात्र निष्कर्ष कुठपर्यंत जातो आणि कुठे थांबतो, हेच ऐकायचं असतं.

एवढं सगळं झाल्यावर काय उरतं, ते वाचून दाखवतो. हे दीड मिनिटाचं रूप आहे.

'आमच्या तालुक्याच्या भूजलात नायट्रेट जास्त आहे हे आधीच माहीत होतं आणि त्याचा दोष शेतातल्या युरियाला दिला जात होता. तो दोष पूर्ण खरा आहे का, हा माझा प्रश्न. त्यासाठी गावठाणातल्या ३० आणि शिवारातल्या ३०, सारख्याच खोलीच्या उथळ विहिरींचं पाणी मी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासलं. नायट्रेट म्हणून मोजलेली ४५ मिलिग्रॅमची मर्यादा पावसाळ्यानंतर गावठाणातल्या १९ विहिरींनी ओलांडली, शिवारातल्या ८ विहिरींनी. पण संख्येपेक्षा हंगाम जास्त बोलका ठरला. शिवारातलं नायट्रेट पावसानंतर वाढतं, गावठाणातलं मे महिन्यातही जवळपास तितकंच असतं. शिवाय गावठाणात नायट्रेटबरोबर क्लोराइडही चढतं. म्हणून तिथला मुख्य स्रोत सांडपाणी आणि गोठे आहेत, असा माझा निष्कर्ष आहे. शिवारात खताचा वाटा आहे, पण तिथल्याही ८ पैकी ५ विहिरींजवळ गोठा आहे. हे सगळं उथळ विहिरींपुरतं. बोअरवेल मी तपासलेल्या नाहीत, आणि नायट्रोजनची समस्थानिकं मोजलेली नसल्यामुळे खत किती आणि सांडपाणी किती, हा नेमका वाटा मला सांगता येत नाही.'

यात पायपर आकृती नाही. ती गेली म्हणून विद्यार्थिनीला वाईट वाटेल, कारण तिच्यावर दोन रात्री गेल्या असतील. पाच मिनिटांच्या रूपात तिला एक वाक्य मिळेल. विज्ञान शाखेत परीक्षा इंग्रजीतून होते, तरी पहिला खर्डा असा मराठीतच करा आणि मग इंग्रजीत नव्याने बोला. मराठीत जे वाक्य डळमळतं ते बहुधा भाषेमुळे डळमळत नाही, मुद्दाच कच्चा असतो. इंग्रजीत तो कच्चेपणा मोठ्या शब्दांखाली दडून जातो.

पाठ मात्र करू नका. सावकाश बोलताना मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द जातात, म्हणजे पाच मिनिटांचे पाचशे. ते शब्दशः पाठ केले, तर मध्येच परीक्षकाने टोकल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. पहिलं वाक्य, निष्कर्षाचं वाक्य आणि मर्यादेचं वाक्य, ही तीन नक्की करा. बाकीचं दरवेळी थोडं वेगळं येऊ द्या. मग दुसऱ्या विभागातल्या मित्राला, पडद्याकडे पाठ करून, ते ऐकवा आणि त्याला विचारा, मला काय सापडलं? तो म्हणाला 'तू नायट्रेटवर काम केलंस', तर पुन्हा छापील कागदाकडे जा. तो म्हणाला 'गावातल्या विहिरी युरियाने नाही, गटाराने खराब झाल्यात', तर झालं. मित्र वाणिज्य शाखेचा असेल तर फारच उत्तम, तो शिष्टाचारापोटी मान डोलावत नाही.

समन्वयकांना एकच विनंती करतो. मौखिक परीक्षेआधी विभागात जी रंगीत तालीम घेता, तिच्यात पहिली पाच मिनिटं प्रोजेक्टर लावू नका. प्रश्नही दुसऱ्याच विभागातल्या शिक्षकाला विचारू द्या. खर्च काही नाही, वेळापत्रकात बसतं.

आता बक्षिसांना उशीर नको. ती वाटून झाल्यावर चहाच्या वेळी मी स्टाफरूममध्ये थांबणार आहे. ज्यांचे प्रबंध परीक्षकांकडे गेलेत त्यांनी एकेकाने या आणि पाच मिनिटांत मला सांगा तुम्हाला काय सापडलं. लॅपटॉप वर्गातच ठेवून या.